माती परीक्षणात स्फुरद दिसतो, मग पिकाला का मिळत नाही?

खरीप तोंडावर आला की डीएपीच्या बातम्या सुरू होतात. चीनने निर्यात आवळली, जहाजं उशिरा लागली, दुकानात गोण्या नाहीत. डीएपीत ४६ टक्के स्फुरद असतो (खताच्या हिशेबात तो स्फुरद पेंटॉक्साइड म्हणून मोजतात) आणि त्यासाठी लागणारा खडक किंवा आम्ल आपण मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणतो. त्यामुळे टंचाई आली की कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ‘मायकोरायझा’ लिहिलेली पुडी पुढे सरकते. सोबत एक वाक्यही ठरलेलं असतं: “जमिनीत अडकलेला स्फुरद मोकळा करतं.”

तोंडी परीक्षेत विद्यार्थीही हेच उत्तर देतात. मायकोरायझा काय करतो? स्फुरद विरघळवतो. नाही. विरघळवण्याचं काम बॅसिलस, स्यूडोमोनास यांच्यासारख्या जिवाणूंचं, तेही काही जातींचंच. मायकोरायझा म्हणजे वनस्पतीच्या मुळात आणि मुळाबाहेर मातीत एकाच वेळी राहणारी बुरशी. ती स्फुरद आणते. विरघळवणं आणि आणणं यांतला फरक कळला नाही, तर पुढचं काहीच नीट लागत नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

या बुरशीचे प्रकार बरेच आहेत, पण शेतातल्या पिकांशी संबंध येतो तो एका गटाचा, अर्बस्क्युलर मायकोरायझाचा. ज्वारी, मका, गहू, तूर, हरभरा, सोयाबीन, कांदा, कापूस, केळी या सगळ्यांच्या मुळांत ती असते. कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक, बीट यांच्या मुळांत जवळपास नसते. या लेखात पुढे ‘बुरशी’ म्हटलं की हीच समजायची.

अडचण साठ्याची नाही, अंतराची

एका हेक्टरवरचा वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर साधारण २० लाख किलो भरतो. मातीत एकूण स्फुरद किलोमागे ५०० मिलिग्रॅम धरला, तर हेक्टरी एक टन स्फुरद झाला. दोन टन ज्वारीच्या दाण्यातून शेताबाहेर जातो जेमतेम सहा किलो. साठा पाहिला तर भीती वाटण्याचं कारण नाही.

पण मूळ साठा खात नाही. ते मातीतल्या पाण्यात विरघळलेला फॉस्फेटच घेऊ शकतं, आणि तिथे तो नगण्य असतो. चुनखडीच्या काळ्या जमिनीत कॅल्शियम त्याला धरून ठेवतं, कोकणातल्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम. मातीच्या द्रावणात लिटरमागे दोन मायक्रोमोल फॉस्फेट आहे असं समजू. हा आकडा अगदी नेहमीचा आहे. म्हणजे लिटरमागे ०.०६ मिलिग्रॅम स्फुरद. एक किलो कोरडं पीक तयार व्हायला झाड ३०० लिटर पाणी ओढतं असं धरलं, तर त्या पाण्यासोबत सुमारे १९ मिलिग्रॅम स्फुरद मुळापाशी पोचतो. गरज आहे ३ ग्रॅमची. पाण्याबरोबर येणारा वाटा एक टक्कासुद्धा नाही. नायट्रेट पाण्यासोबत वाहत येतं, स्फुरद येत नाही. दोघांची गोष्ट इथेच वेगळी होते.

उरलेला स्फुरद विसरणाने यावा लागतो, म्हणजे जास्त सांद्रतेकडून कमी सांद्रतेकडे आयन आपणहून सरकण्याने. मातीत फॉस्फेटचं हे सरकणं फारच मंद असतं, कारण दर पावलाला तो चिकणमातीच्या कणाला चिकटतो आणि सुटतो. विद्यार्थ्यांनी हे एकदा स्वतः मांडून पाहावं. ढोबळ सूत्र असं:

x = √(2Dt)

D हा विसरणांक सेकंदाला १०⁻¹³ चौरस मीटर धरा. एका दिवसात म्हणजे ८६,४०० सेकंदांत x येतो सुमारे ०.१३ मिलिमीटर. आता उलटं करा. एक सेंटिमीटर यायला किती वेळ? ५० कोटी सेकंद, म्हणजे जवळपास सोळा वर्षं. ज्वारी चार महिन्यांत काढणीला येते.

त्यामुळे होतं असं की मूळ आपल्याभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा स्फुरद संपवतं आणि मग त्याच्याभोवती एक रिकामं कडं उरतं. विहिरीचं पाणी उपसलं आणि पाझर मंद असला तर असंच होतं. भोवतालच्या खडकात पाणी असतं, विहिरीत नसतं. तेव्हा आपल्याकडे लोक विहीर आणखी रुंद करत नाहीत, तिच्या भिंतीतून आडवे बोअर मारतात. बुरशी मुळासाठी नेमकं तेच करते.

शंभर मीटर तंतू, एका सेंटिमीटर मुळाच्या किमतीत

बुरशीचे तंतू मुळातून बाहेर पडून रिकामं कडं ओलांडतात आणि काही सेंटिमीटर दूरच्या मातीत शिरतात. क्लोव्हरवरच्या प्रयोगांत त्यांनी दहा सेंटिमीटरच्या आसपास अंतरावरून स्फुरद आणल्याची नोंद आहे. मूलरोमही याच कामासाठी असतात, पण त्यांची लांबी बहुधा एक मिलिमीटरच्या आतच, म्हणजे ते रिकाम्या कड्यातच संपतात.

लांबीइतकीच महत्त्वाची आहे जाडी. बारीक मूळ ०.३ मिलिमीटर जाड धरू आणि तंतू तीन मायक्रॉन. जाडीचं गुणोत्तर शंभर, म्हणून छेदाचं क्षेत्रफळ दहा हजार पट कमी. म्हणजे एक सेंटिमीटर मूळ बांधायला जेवढं शरीरद्रव्य लागतं, तेवढ्यात दहा हजार सेंटिमीटर, म्हणजे शंभर मीटर तंतू तयार होतो. शिवाय ज्या भेगांत मूलरोम मावत नाही, तिथे तो शिरतो. झाडाच्या दृष्टीने स्फुरद शोधायला मुळं वाढवत बसण्यापेक्षा बुरशीला पोसणं स्वस्त पडतं. हा सौदा फार जुना आहे. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांत जी आदिम झाडं सापडली, त्यांच्या पेशींत अशीच बुरशी दिसते. त्या झाडांना धड मुळंही नव्हती.

तंतूच्या टोकाला फॉस्फेट आत घेणारी वाहक प्रथिनं असतात. असं पहिलं प्रथिन मारिया हॅरिसन आणि मारियान व्हॅन ब्यूरेन यांनी १९९५ मध्ये ओळखलं. आत आलेला फॉस्फेट तसाच मोकळा ठेवला जात नाही. त्याचे रेणू एकामागोमाग जोडून लांब साखळी बनते, पॉलिफॉस्फेट. ही साखळी तंतूतल्या रिक्तिकांमधून मुळाकडे सरकते. या तंतूंना आडव्या भिंती जवळजवळ नसतात, सगळी नळी सलग. मातीतून जे अंतर कापायला वर्षं लागली असती, ते या नळीतून पार व्हायला फार वेळ लागत नाही.

मुळाच्या आत कोण कोणाला काय देतं

स्फुरद कमी पडला की मूळ स्ट्रिगोलॅक्टोन नावाची द्रव्यं मातीत सोडतं. त्यांच्यामुळे बुरशीच्या तंतूला भराभर फांद्या फुटतात, हे जपानमधल्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं. तंतू मुळाच्या पृष्ठभागाला चिकटतो, बाहेरच्या पेशींतून आत जातो आणि आतल्या पेशीत झुडपासारखा फांद्या फुटलेला आकार घेतो. त्याला अर्बस्क्यूल म्हणतात. पेशीची भिंत तो ओलांडतो, पण पेशीचं आवरण फोडत नाही. झाड त्याच्याभोवती नवं आवरण विणत जातं. दोघांच्या मध्ये अगदी अरुंद जागा उरते आणि सगळी देवाणघेवाण तिथेच चालते.

बुरशी साखळी तोडून फॉस्फेट त्या जागेत सोडते. झाडाच्या बाजूच्या आवरणावर खास याच कामासाठीचं वाहक प्रथिन असतं. मेडिकॅगो या शेंगवर्गीय वनस्पतीत त्याला MtPT4 म्हणतात, भातात OsPT11. बदल्यात झाड साखर आणि मेद देतं. बुरशी स्वतः मेदाम्लं तयार करू शकत नाही, ती तिला झाडाकडूनच घ्यावी लागतात, हे २०१७ मध्ये एकापाठोपाठ आलेल्या शोधनिबंधांनी नक्की केलं. झाडाने प्रकाशसंश्लेषणातून मिळवलेल्या कार्बनपैकी ४ ते २० टक्के इकडे जातो असं मानलं जातं. हा वाटा किरकोळ नाही.

मग बुरशी फुकट खाते की नाही, यावर झाडाचं लक्ष असतं का? असतं, असं म्हणायला चांगला पुरावा आहे. MtPT4 निकामी केलेल्या मेडिकॅगोत अर्बस्क्यूल तयार होतात, पण वेळेआधीच मोडतात. फॉस्फेट येत नाही, तर झाड ती जागाच बंद करतं. तसंही एक अर्बस्क्यूल थोडेच दिवस टिकतो, त्यामुळे मुळात हे बांधणं आणि मोडणं सतत चालू असतं. दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. ज्या बुरशीला मेद झाडाकडूनच मिळतो, ती झाडाशिवाय फार काळ तग धरत नाही. शेतात याचा अर्थ काय होतो, ते ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांनी पिवळ्या, खुरट्या रानात उभं राहून पाहिलं.

क्वीन्सलँडची काळी जमीन

क्वीन्सलँडच्या दक्षिणेला डार्लिंग डाउन्स नावाचा पट्टा आहे. जमीन खोल, काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. मृदाशास्त्रात ती व्हर्टिसोल, म्हणजे आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीचीच जात. पाऊस बेभरवशाचा. तिथले शेतकरी हिवाळी पिकाकडून उन्हाळी पिकाकडे वळताना रान वर्षभराहून जास्त काळ पडीक ठेवत. हेतू सरळ होता. ओल साठावी, नायट्रेट तयार व्हावं, तण उगवू नये. रान स्वच्छ ठेवलं जाई.

एवढं करून पेरलेलं पीक जोमदार यायला हवं होतं. प्रत्यक्षात सूर्यफूल, जवस, मका, हरभरा खुरटत. मातीत ओल जास्त, नायट्रेट जास्त, आणि शेजारच्या तुकड्यात, जिथे नुकतंच पीक काढलं होतं, तिथे कमी ओलीवरही पीक बरं. याला तिकडे दीर्घ पड विकार असं नाव पडलं. कारण मात्र कित्येक वर्षं सापडलं नाही.

उत्तर दिलं जॉन थॉम्पसन यांनी. १९८७ मध्ये त्यांनी सूर्यफुलावरचं काम प्रसिद्ध केलं. पडीक रानातल्या पिकाच्या मुळांत बुरशी कमी, पानांत स्फुरद कमी. मागच्या पिकानंतर लगेच पेरलेल्या रानात दोन्ही ठीक. पुढे जवसावर त्यांनी उलटा पुरावा दिला. पीक असलेल्या रानातली बुरशी पडीक रानातल्या मातीत घातली, तर जवस सावरलं आणि त्याच्यातला स्फुरद आणि जस्त दोन्ही वाढले. जस्ताचं नाव इथे उगाच आलेलं नाही. तेही मातीत फॉस्फेटसारखंच जागच्या जागी अडकून असतं, म्हणून बुरशी गेली की दोघांची कमतरता जोडीने दिसते. नुसतं नत्र कमी पडलेलं पीक आणि हे पीक यांत फरक करायला ही जोडी उपयोगी पडते.

घडलं काय होतं? मूळ नाही म्हणून मेद नाही, मेद नाही म्हणून नवे तंतू नाहीत. मातीतले जुने तंतू आणि मुळांचे तुकडे काही महिने जिवंत राहतात. बीजाणू जास्त टिकतात, पण कधीतरी तेही संपतात. त्यात नांगर आणि वखर जाळं तोडत राहतात. वर्षभराने नवं पीक उगवतं तेव्हा त्याच्या मुळाला जोडून घ्यायला तयार जाळं नसतं. उरलेल्या थोड्या बीजाणूंपासून ते पुन्हा उभं राहीपर्यंत पाच-सहा आठवडे निघून जातात आणि रोपाला स्फुरदाची सर्वांत जास्त निकड नेमकी याच काळात असते. पुढे बुरशी पसरते, पानं हिरवीही होतात, पण कणसाचा किंवा फुलाचा आकार आधीच ठरलेला असतो.

सगळी पिकं सारखी आजारी पडली नाहीत, हेही महत्त्वाचं. गहू आणि बार्लीला फारसा फटका नव्हता. त्यांची मुळं बारीक आणि दाट, मूलरोम भरपूर, ती स्वतःच मातीत बरीच पोचतात. जवस, मका, तूर, हरभरा जास्त अवलंबून. मोहरीवर्गातल्या कॅनोलाला काहीच झालं नाही, कारण त्याला बुरशी लागतच नाही. मात्र कॅनोलानंतर पेरलेलं बुरशीवर विसंबणारं पीक पडीक रानातल्यासारखं मागे पडू शकतं. रानात पीक होतं, पण बुरशीच्या दृष्टीने ते नसल्यातच जमा.

“पण माती परीक्षणात स्फुरद मध्यम आला होता!”

ही हरकत रास्त आहे आणि तिचं उत्तर प्रयोगशाळेतल्या बाटलीत आहे. आपल्याकडच्या विम्लधर्मी जमिनींसाठी ओल्सेन पद्धत वापरतात. माती वाळवून, कुटून, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात. मग सामू ८.५ असलेल्या अर्धा मोलर सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अर्धा तास हलवतात आणि गाळून निघालेला स्फुरद मोजतात.

बाटलीत अंतर शिल्लक राहत नाही. प्रत्येक कण द्रावणात भिजतो. चाचणी विचारते की सुटण्यासारखा स्फुरद किती आहे. तो मुळापासून किती दूर आहे हे ती विचारत नाही, तिला विचारताही येत नाही. शिवाय ‘कमी’, ‘मध्यम’, ‘भरपूर’ या मर्यादा शेतातल्या प्रयोगांवरून ठरलेल्या आहेत आणि त्या शेतांत बुरशी बहुधा होतीच. म्हणजे ‘मध्यम’ या शब्दात बुरशीचं काम गृहीत धरलेलं आहे. बुरशी नसेल तर तोच आकडा ‘कमी’ म्हणून वाचावा लागतो.

विरघळवण्याचा मुद्दाही इथेच मिटतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी मातीतला सुटा स्फुरद किरणोत्सारी खुणेने चिन्हांकित केला. बुरशी बाहेरच्या अडकलेल्या साठ्यातून आणत असती, तर बुरशीवाल्या झाडात खूण पातळ व्हायला हवी होती. बुरशीवाल्या आणि बिनबुरशीच्या झाडांत ती जवळपास सारखीच निघाली. दोघं एकाच डब्यातून घेत होते, एकाचा हात लांब होता इतकंच. तंतूंभोवती स्फुरद विरघळवणारे जिवाणू राहतात आणि त्यांनी सोडवलेला फॉस्फेट तंतू उचलतो, हे खरं आहे. पण ते श्रेय जिवाणूंचं.

मग सोलापूरच्या रानात हेच होत असेल का?

सोलापूर, मंगळवेढा भागात खोल काळ्या रानात खरीप पड ठेवून रब्बी ज्वारी घेतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरणी. मध्ये सहा-सात महिने, तेही वखरपाळ्या देत. जमीन डार्लिंग डाउन्सच्याच जातीची, त्यामुळे तुलना सुचणं साहजिक आहे.

ती तशीच्या तशी उचलू नये असं माझं मत आहे. काळ निम्मा आहे. त्यातला मोठा भाग कोरडा उन्हाळा असतो आणि कोरड्या मातीत तंतू ओल्या मातीपेक्षा चांगले टिकतात. पावसाळ्यात बांधावर आणि रानातही गवत, तण उगवतं, ते बुरशीला पोसतं. ज्वारीही मका किंवा जवसाइतकी परावलंबी नाही. पण खरीप पडीनंतर ज्वारीऐवजी हरभरा किंवा जवस घेतलं आणि वखराने रान अगदी निर्मळ ठेवलं असेल, तर मुळं तपासून पाहण्यासारखी आहेत. खरिपात मूग किंवा उडदाचं साठ-सत्तर दिवसांचं पीक घेतलं तर बुरशीला यजमान मिळतो. मात्र ते ओलही पितं, आणि रब्बीत ओल हेच भांडवल. कमी पावसाच्या वर्षी शेतकरी बुरशीसाठी ओल खर्चणार नाही, आणि त्यात तो चुकत नाही.

याहून जवळचं उदाहरण भाजीपाल्याच्या पट्ट्यात आहे. पुणे-नाशिककडे कोबी-फ्लॉवरनंतर त्याच रानात कांदा लावतात. कोबीवर्गात बुरशी नाही आणि कांदा तिच्यावर सर्वांत जास्त विसंबणाऱ्या पिकांपैकी एक. त्याची मुळं जाड, विरळ, मूलरोम नावापुरते. भरपूर डीएपी घालून हे झाकलं जातं. डीएपी मिळालं नाही त्या हंगामात उघडं पडतं.

पीक वाढलं नाही, तर बुरशी निरुपयोगी?

कुंडीत बुरशी घातली, रोप वाढलं नाही, म्हणून बुरशीने काही केलं नाही. हा निष्कर्ष फार वर्षं काढला जात होता. सॅली स्मिथ, अँड्र्यू स्मिथ आणि इव्हर याकोब्सन यांनी २००३ मध्ये तो मोडला. त्यांनी कुंडीत एक छोटा कप्पा ठेवला, त्याच्या तोंडाला मुळं अडतील पण तंतू जातील अशी बारीक नायलॉनची जाळी, आणि आतल्या मातीत किरणोत्सारी स्फुरद. त्या कप्प्यातला स्फुरद झाडात दिसला, तर तो बुरशीकडूनच आलेला असणार. पिकं होती जवस, मेडिकॅगो आणि टोमॅटो.

जवस वाढलं आणि त्यात बुरशीचा स्फुरद होता, इथपर्यंत ठीक. टोमॅटो मात्र बुरशीने वाढला नाही, तरी एका बुरशीसोबत त्याचा जवळपास सगळा स्फुरद तिच्यामार्फतच आला होता. बुरशी आली की मुळाने स्वतःचा थेट मार्ग जवळपास बंद केला होता. म्हणून ‘बुरशीवाल्या झाडातला स्फुरद वजा बिनबुरशीच्या झाडातला स्फुरद’ अशी वजाबाकी करून बुरशीचा वाटा काढणं चूक. प्रबंधांत ही वजाबाकी अजून दिसते, म्हणून मुद्दाम सांगतो.

उलट बाजूने, मातीत स्फुरद भरपूर असेल तर झाड स्ट्रिगोलॅक्टोन कमी सोडतं आणि बुरशीला दार नीट उघडतच नाही. बियाण्याशेजारी डीएपीचा भरघोस डोस आणि वर मायकोरायझाची पुडी, हे दोन खर्च एकमेकांना मारतात.

पुडी घ्यायची का?

खत नियंत्रण आदेशानुसार मायकोरायझा खतात ग्रॅममागे किमान १०० जिवंत घटक लागतात, म्हणजे बीजाणू, तंतू किंवा संसर्ग झालेल्या मुळांचे तुकडे. समजा एकरी चार किलो टाकलं. घटक झाले चार लाख. एकराच्या पंधरा सेंटिमीटर थरात माती सुमारे आठ लाख किलो. फेकून दिलं तर दोन किलो मातीत एक घटक. पीक निघालेल्या साध्या रानात एका चमचाभर मातीत याहून जास्त स्थानिक बीजाणू असतात. म्हणून शेतभर फोकणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

तेच घटक रोपवाटिकेच्या वाफ्यात, ट्रेच्या कोकोपीटमध्ये किंवा बियाण्याखाली टाकले, तर मुळाला ते हमखास भेटतात. जिथे माती मुळातच निर्जंतुक आहे तिथे फायदा सर्वांत स्पष्ट. धुरी देऊन निर्जंतुक केलेल्या रोपवाटिकांत लिंबूवर्गीय रोपं खुरटली, त्यामागे बुरशीचा अभाव असल्याचं अमेरिकेत १९७२ मध्ये प्रसिद्ध झालं. जळगावकडे लागणारी ऊतिसंवर्धित केळीची रोपं याच वर्गातली: प्रयोगशाळेतून येतात तेव्हा त्यांच्या मुळांत बुरशीचा मागमूस नसतो. एक सावधगिरी मात्र हवी. कार्बेन्डाझिमची आळवणी या बुरशीलाही मारते. संशोधक शेतात बुरशी दाबून ठेवायला त्याच कुळातलं बेनोमिल वापरत आले आहेत.

मुळं रंगवून पाहणं

अंदाज बांधत बसण्यापेक्षा मुळं पाहावीत. पेरणीनंतर चार ते सहा आठवड्यांनी रोपं मातीच्या ढेकळासकट काढा. सोटमूळ नको, एक मिलिमीटरहून बारीक मुळं हवीत, आणि उपटताना तीच तुटून मातीत राहतात. धुऊन एक सेंटिमीटरचे तुकडे करा. १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ९० अंशांवर तासभर ठेवा, म्हणजे पेशींतला माल निघून मूळ पारदर्शक होतं. कांद्याला कमी वेळ पुरतो, तुरीचं मूळ काळपट राहतं, त्याला हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळ करावं लागतं. धुऊन सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवा, ही पायरी गाळली तर रंग धरत नाही. मग ०.०५ टक्के ट्रायपॅन ब्लू. ते घातक असल्याने बऱ्याच ठिकाणी व्हिनेगरमध्ये ५ टक्के फाउंटन पेनची शाई वापरतात, आणि ती छान काम करते.

सूक्ष्मदर्शकाखाली फिकट मुळात निळे तंतू, मध्येच लंबगोल फुगे आणि पेशी भरून टाकणारी धूसर निळी झुडपं दिसतात. ती झुडपं म्हणजे अर्बस्क्यूल. तंतूत ठरावीक अंतरावर आडव्या भिंती दिसल्या तर तो दुसराच कोणी आहे, मोजू नका. नवशिक्यांचे आकडे फुगतात ते इथे. चौकटी आखलेल्या पेट्रीडिशमध्ये मुळं पसरून, मूळ जिथे जिथे रेघ ओलांडतं तिथे बुरशी आहे की नाही नोंदवा. २०० छेदांपैकी १२० ठिकाणी असेल, तर ६० टक्के. नुसते बीजाणू मोजून भागत नाही, कारण चाळणीवर मेलेले बीजाणूही तसेच गोल आणि चकचकीत दिसतात.

एकाच रानात चार पट्टे आखा: एकाला काही नाही, एकाला फक्त स्फुरद, एकाला फक्त बुरशी, एकाला दोन्ही. स्फुरदाच्या पट्ट्यात पीक उठलं आणि बुरशीच्या पट्ट्यातही उठलं, शिवाय काही न दिलेल्या पट्ट्यात मुळं कोरी निघाली, तर रान बुरशीअभावी उपाशी होतं. फक्त स्फुरदाने उठलं आणि मुळांत बुरशी आधीच ६० टक्के होती, तर साठाच कमी आहे आणि तिथे पुडीने काही होणार नाही. दोन टन ज्वारीतून गेलेले ते सहा किलो, खताच्या हिशेबात सुमारे १४ किलो, शेणखताने किंवा गोणीने परत घालावेच लागतील.